साहेब लिफ्टमध्ये भेटले तर

खराडी किंवा हिंजवडीतल्या एखाद्या नऊ मजली इमारतीत सकाळी साडेनऊला लिफ्ट तळमजल्यावरून निघाली आणि मध्ये दोन ठिकाणी थांबली, तर वर पोचायला साधारण पाऊण मिनिट लागतं. दार उघडण्या-मिटण्याचा आणि माणसं आत-बाहेर सरकण्याचा वेळ सोडला, तर बोलायला उरतात जेमतेम तीस सेकंदं. म्हणजे दोघांच्या वाट्याला प्रत्येकी तीन-चार छोटी वाक्यं. मोठ्या साहेबांशी किंवा मॅडमशी लिफ्टमध्ये काय बोलावं, असं विचारणारे बहुतेक वाचक एवढ्या वेळात स्वतःची ओळख, अनुभव, केलेली कामं आणि पुढची इच्छा असं सगळं बसवू पाहतात. तसं करायची गरजच नसते. ‘एलिव्हेटर पिच’ ही अनोळखी गुंतवणूकदाराला गाठणाऱ्या नवख्या उद्योजकाची गरज आहे. तुमचे साहेब पुढच्या आठवड्यातही त्याच लिफ्टमध्ये भेटणार आहेत.

पाठ केलेलं बोलणं लगेच कळतं, कारण ते समोरच्याच्या प्रश्नाला चिकटत नाही. साहेबांनी विचारलेलं असतं, “काय, कसं चाललंय?” आणि उत्तर येतं ते एखाद्या अर्जातल्यासारखं, पूर्ण आणि लांब, नेहमीपेक्षा भरभर. मध्येच साहेबांनी काही विचारलं, तर बोलणारा क्षणभर अडतो आणि पुन्हा मूळ वाक्यावर येतो. म्हणून तयारी करायची असेल तर वाक्याची करू नये, विषयाची करावी. या आठवड्यात आपल्या कामात नवं काय घडलं, कशाने अडवलं, कशाचं नवल वाटलं, यातली एक गोष्ट मनाशी ठरलेली असावी. ती सांगायचे शब्द त्या-त्या वेळी सुचू द्यावेत.

समजा, विमा दाव्यांचं सॉफ्टवेअर तपासणाऱ्या टीममधली एक टेस्टर आहे, चार वर्षं कंपनीत असलेली. लिफ्टमध्ये डिलिव्हरी हेड येतात. ते तिला चेहऱ्याने ओळखतात, नावाने नाही. ते विचारतात, “कसं चाललंय?”

“एकदम छान, सर” असं ती म्हणाली, तर संभाषण तिथेच संपलं. “सर, मी क्लेम्समध्ये सीनियर टेस्टर आहे, या तिमाहीत आम्ही ऑटोमेशन तीस टक्क्यांवरून...” अशी सुरुवात केली, तर साहेब मान हलवत मजल्याच्या आकड्याकडे बघू लागतील.

त्याऐवजी ती म्हणते, “बरं चाललंय, सर. मी क्लेम्सच्या टीममध्ये आहे. सध्या दवाखान्यांच्या बिलांचं स्कॅनिंग तपासतोय. हाताने लिहिलेली बिलं अजून दगा देतात.”

“अजूनही? किती?”

“दहातलं एखाद-दुसरं. छोट्या नर्सिंग होमची जास्त.”

“तिकडे अजून हातानेच बिलं करतात?”

“बरेच जण करतात, सर. माझा मजला आला. येते.”

या बोलण्यात तिने काही मागितलं नाही, कुणाची तक्रार केली नाही आणि स्वतःची पाठही थोपटून घेतली नाही. साहेबांना मात्र पुढचा प्रश्न सुचला. माझ्या मते कसोटी हीच. आपण जे बोलतो त्यावर समोरच्याला “वा, छान” किंवा “थँक यू” याखेरीज काही बोलता येईल का? येत असेल तर ते संभाषण. तिने क्लायंटचं नाव घेतलं नाही, हेही पाहा. लिफ्टमध्ये इतरही माणसं असतात. आणि ही अडचण तिच्या लीडला आधीपासून ठाऊक होती. लीडला माहीत नसलेली वाईट बातमी साहेबांच्या कानावर लिफ्टमध्ये घालू नये. साहेबांनीच नेमकं विचारलं तर खोटं बोलू नये, दोन वाक्यांत खरं सांगावं आणि जागेवर पोचताच लीडला तसं कळवावं.

आता तोंडपुजेपणाबद्दल. एडवर्ड जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1964 साली या विषयावर ‘इंग्रेशिएशन’ नावाचं पुस्तकच लिहिलं. त्याने दाखवलेला पेच साधा आहे. आपण एखाद्यावर जितके अवलंबून, तितका त्याला खूश करायचा मोह जास्त, आणि नेमकं तेव्हाच त्याला आपल्या गोड बोलण्याचा संशय येण्याची शक्यताही जास्त. अप्रेझलच्या महिन्यात “सर, टाउनहॉलमधलं तुमचं भाषण जबरदस्त होतं” हे वाक्य मनापासून आलेलं असलं तरी वाया जातं, ते याच कारणाने.

मग साहेबांचं खरंच काही आवडलं तर गप्प बसायचं का? मुळीच नाही. माणसाची स्तुती करण्याऐवजी त्याच्या निर्णयाचं पुढे काय झालं ते सांगावं. “सोमवारची आढावा बैठक तुम्ही बंद केलीत ना, आता आम्ही ती सकाळ टेस्टिंगला वापरतो.” यात कौतुक आहेच, शिवाय वरच्या मजल्यावर सहसा न पोचणारी माहितीही आहे. निर्णयाचा तोटा झाला असेल तर तोही याच सुरात सांगता येतो. ज्याला दोन्ही सांगता येतं, त्याच्या कौतुकाला वजन असतं.

रोस व्होंक या डच संशोधक बाईंनी 1998 मध्ये दाखवून दिलेली गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. वरच्यांशी गोड आणि खालच्यांशी तुसडा वागणारा माणूस बघणाऱ्यांच्या मनातून फार लवकर उतरतो. ज्याची स्तुती होते त्याला ती तितकीशी खटकत नाही, बाजूला उभ्या असलेल्यांना खटकते. म्हणजे मस्का साहेबांपाशी चालूनही जाईल, पण त्याच लिफ्टमध्ये टीममधले दोघे, सुरक्षारक्षक आणि सफाईच्या मावशी असतात. मावशींना रोज “काय मावशी, आज लवकर?” म्हणणाऱ्याचा साहेबांशी बोलतानाचा आवाज मुद्दाम बदलावा लागत नाही. बैठकीत नावाने हाक मारत असाल तर लिफ्टमध्येही नावानेच मारावी, एरवी सर म्हणत असाल तर सर. साहेब मराठीत बोलले तर उत्तर मराठीतच द्यावं. मोठ्या माणसासमोर इंग्रजीकडे वळलं की अनेकांचा आवाज ताठरतो आणि वाक्यं पुस्तकी होतात.

साहेब फोनवर असतील, कानात इअरबड असतील किंवा नजर खाली असेल, तर मान हलवून ओळख द्यावी आणि गप्प राहावं. ती शांतता भरून काढणं आपलं काम नाही. पगार, बढती, रजा, बदली हे विषय लिफ्टमध्ये काढूच नयेत. साहेबांना तिथे हो म्हणता येत नाही आणि नाही म्हणणंही अवघड जातं. कॉरिडॉरचं गणित थोडं वेगळं. तिथे दार उघडून सुटका होत नाही, म्हणून थांबायचं की नाही हे साहेबांच्या पायांकडे पाहून ठरवावं. त्यांनी चाल मंद केली तर दोन वाक्यं बोलावीत, नाहीतर नमस्कार करून पुढे जावं. बोलणं अर्धं राहिलं म्हणून त्यांच्या केबिनपर्यंत मागे जाऊ नये.

कधीकधी साहेब उतरता उतरता म्हणतात, “त्या बिलांचं मला पाठव बरं.” हे बहुतेक जण विसरतात, किंवा दोन दिवस खपून वीस स्लाइडचं सादरीकरण बनवतात. त्याच दिवशी तीन-चार ओळींची मेल करावी, सीसीमध्ये आपला लीड ठेवावा. अडचण काय, प्रमाण किती, सध्या काय करतोय, एवढंच त्यात लिहावं. मेल पाठवण्याआधी लीडला तोंडी सांगावं, “लिफ्टमध्ये साहेबांनी विचारलं, म्हणून पाठवतेय.”