साठ टक्के, पण कशाचे?

‘मंथ ऑन मंथ साठ टक्के ग्रोथ!’ असं स्लाइडवर झळकलं की मीटिंगमध्ये सगळे खुश. मी मात्र खडूसपणे एकच विचारतो, साठ टक्के, पण कशाचे?

माझी एक मैत्रीण पुण्यात ऑफिसवाल्यांना डबे पुरवते. जानेवारीत तिची १० गिऱ्हाइकं होती, फेब्रुवारीत १६ झाली. ग्रोथ ६० टक्के! आता या सहा नव्यांपैकी चौघं एकाच ऑफिसातली, एकाच टेबलावर जेवणारी. म्हणजे ४० टक्के त्या एका टेबलाने आणले. बेस दहाचा असला की एक माणूस म्हणजे थेट १० टक्के. तिच्या पार्टनरने तोच साठचा आकडा एक्सेलमध्ये पुढे ओढला, तर वर्षभरात २,८१५ डबे! (एक्सेलचं काय, ओढाल तेवढं पुढे जातं.)

पुढे मार्चमध्ये २४, एप्रिलमध्ये ३४, मेमध्ये ४६ आणि जूनमध्ये ६०. टक्क्यांत मांडलं तर ६०, ५०, ४२, ३५, ३०. ग्राफ म्हणजे नुसती घसरगुंडी! बाईसाहेब हवालदिल. ‘अरे, धंदा बसतोय. रेट कमी करू का?’

आता टक्के सोडा, माणसं मोजा. दर महिन्याला वाढली किती? ६, ८, १०, १२, १४. प्रत्येक महिना आधीच्यापेक्षा सरस. खालचा बेस मोठा होत गेला म्हणून टक्के उतरले, बस्स. रेट कमी केला असता, तर चांगल्या चाललेल्या धंद्यातला नफा उगाच गेला असता.

माझा साधा हिशोब आहे. गिऱ्हाइकं शंभरच्या आत असतील तर टक्के लिहायचेच नाहीत, कारण तिथे एक माणूस इकडेतिकडे झाला तरी आकडा एक टक्क्याहून जास्त हलतो. ‘४६ वरून ६०’ असं सरळ लिहा. महिने फारच वर-खाली होत असतील तर तीन महिन्यांची सरासरी द्या. तिची निघते महिन्याला १२ नवी गिऱ्हाइकं. वर्ष उलटलं की मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघा, कारण दिवाळीत अर्धं ऑफिस गावी असतं आणि त्यात डब्याचा काही दोष नसतो.

पण ‘१४ वाढले’ हासुद्धा अर्धाच आकडा. जूनमध्ये नवे आले २२ आणि सोडून गेले ८, तेही सगळे मेच्या ४६ मधले. ही गळती टक्क्यांच्या स्लाइडवर कुठेच दिसत नव्हती. तिने आठही जणांना फोन लावले. पाच जणांचं उत्तर एकच, डबा लंच टाइम उलटल्यावर पोचतो. रेटबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. जुलैपासून डबे अर्धा तास आधी निघतात, आणि तिच्या शीटमध्ये आता तीनच कॉलम आहेत : आले, गेले, उरले.