कोपीतल्या फोनची रात्र मोडू नका. टेलिग्रामवर मेसेज असा पाठवा

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुले शिक्षणासाठी गावी किंवा बीडला राहतात. त्यांचा अभ्यास मध्यरात्रीपर्यंत चालतो, आई-वडील मात्र पहाटे फडात जायचे म्हणून लवकर झोपतात.

‘फोन सायलेंट करून झोपा,’ हा सल्ला इथे चालत नाही. ऊस भरायला गाडी रात्री कधीही येते आणि मुकादमाचा फोन आला की उठावे लागते. म्हणून त्यांची झोप सांभाळण्याची जबाबदारी मेसेज पाठवणाऱ्यानेच घ्यायला हवी. टेलिग्रामवर त्यासाठी दोन सोयी आहेत.

कसे करायचे?

समजा, रात्री साडेअकराला मुलाला आठवले की उद्या वसतिगृहाचे पैसे भरायचे आहेत. त्याने मेसेज लिहावा, पण पाठवण्याच्या बाणावर नुसते टॅप न करता बोट दाबून धरावे. तिथे `Schedule Message` आणि `Send Without Sound` असे पर्याय दिसतात. पहिला निवडून उद्या पहाटे साडेचारची वेळ लावली की काम झाले. मेसेज टेलिग्रामच्या सर्व्हरवर थांबतो, त्यामुळे त्या वेळी मुलाचा फोन बंद असला तरी तो जातो.

दुसऱ्या पर्यायाने मेसेज लगेच पोहोचतो आणि नोटिफिकेशनही दिसते, फक्त आवाज होत नाही. वडील गाडी भरायला उठलेच, तर त्यांना तो रात्रीच वाचता येतो.

कोणता निवडावा?

सकाळी वाचला तरी चालेल, असा मेसेज वेळ लावून पाठवावा. रात्री वाचला तर बरे, पण त्यासाठी उठवायला नको, असे असेल तर बिनआवाजी पाठवावा. तातडीच्या वेळी मात्र दोन्ही उपयोगाचे नाहीत. कोणी आजारी पडले तर सरळ फोनच करावा.

चूक कुठे होते?

सर्वाधिक घोळ मध्यरात्रीनंतर होतो. साडेबाराला वेळ लावताना सवयीने ‘उद्या’ निवडले, तर मेसेज एक दिवस उशिरा जातो, कारण तारीख आधीच बदललेली असते. तेव्हा ‘आज’च निवडावे. वेळ लावल्यावर चॅटमध्ये, लिहिण्याच्या जागेजवळ कॅलेंडरचे चिन्ह येते. ते उघडून वेळ तपासता येते आणि मेसेज बदलता किंवा काढून टाकताही येतो. सीक्रेट चॅटमध्ये मात्र वेळ लावता येत नाही.

फडात रेंज नसेल, तर पहाटेचा मेसेजही नेट मिळाल्यावरच दिसेल. त्यामुळे पैशांसारखे काम असेल, तर दोन टिकची खूण आली का, हे मुलाने सकाळी पाहावे. दोन टिक म्हणजे मेसेज वाचला गेला. एकच दिसली, तर ते जागे असण्याच्या वेळी फोन करावा.