1947चं कॅलेंडर

2013 साल संपत आलं होतं तेव्हा एक निरोप मोबाइलवरून फिरत होता. येणाऱ्या 2014चं कॅलेंडर हुबेहूब 1947सारखं आहे, तारीख न् वार जुळतात, काहीतरी मोठं घडणार. 15 ऑगस्ट 1947 शुक्रवारी होता आणि 15 ऑगस्ट 2014सुद्धा शुक्रवारीच आला, एवढं त्यात खरं होतं. ‘सदुसष्ट वर्षांनी आलेला योग’ ही मात्र निव्वळ फोडणी. 1947चं कॅलेंडर त्याआधी 1958, 1969, 1975, 1986, 1997 आणि 2003 या सालांत येऊन गेलं होतं. म्हणजे स्वातंत्र्याचा सुवर्णमहोत्सव आपण 1947च्याच कॅलेंडरवर साजरा केला, आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. 2025 तसंच होतं, 2031 तसंच असणार आहे.

ही यादी काढायला पंचांग लागत नाही, बोटं पुरतात. साध्या वर्षात 365 दिवस, म्हणजे बावन्न आठवडे आणि वर एक दिवस. त्या एका दिवसामुळे पुढच्या वर्षीची 1 जानेवारी एक वार पुढे सरकते. लीप वर्षात वरचे दिवस दोन, म्हणून त्याच्या पाठच्या वर्षाची सुरुवात दोन वार पुढे जाते. ही सरक साचत साचत सात किंवा चौदा झाली की वार मूळ जागी आला. 2025 घ्या. तिथून 2031पर्यंत सहा वर्षं, म्हणून सहा दिवस, आणि मधल्या 2028च्या 29 फेब्रुवारीचा एक. झाले सात. 2025 आणि 2031 दोन्ही साधी वर्षं, तेव्हा जानेवारी ते डिसेंबर सगळी पानं जुळली.

2026ला हाच हिशेब लावला तर गंमत होते. सहा वर्षांनी 2032. मध्ये 2028 आहेच, सरक पुन्हा सात, आणि दोन्ही वर्षांची सुरुवात गुरुवारीच. पण 2032 स्वतः लीप वर्ष आहे. जानेवारी आणि फेब्रुवारी जुळतील, मार्चपासून सगळं एका वाराने पुढे जाईल. म्हणून 2032 बाद. पुढे मोजत गेलं की 2037 सापडतं. अकरा वर्षांचे अकरा दिवस आणि 2028, 2032, 2036 या तीन लीप वर्षांचे तीन, मिळून चौदा.

नुसती 1 जानेवारी पाहून ‘जुळलं’ म्हणणाऱ्यांची फसगत होते ती इथेच. 2020ची सुरुवातही 1947सारखी बुधवारी झाली होती, पण ते वर्ष 1947ची प्रत नव्हतं. पारख करायची तर वर्षाची दोन्ही टोकं बघावीत. साध्या वर्षात 1 जानेवारीला जो वार, तोच 31 डिसेंबरला असतो. लीप वर्षात 31 डिसेंबर एक वार पुढे असतो. दोन सालांच्या या दोन्ही तारखा जुळल्या तर मधलं काहीही तपासायची गरज नाही.

एवढी बेरीज दर वेळी करायची नसेल तर सालाला चारने भागावं आणि बाकी बघावी. बाकी 1 उरली तर तेच कॅलेंडर सहा वर्षांनी येतं, 2 किंवा 3 उरली तर अकरा वर्षांनी. काहीच उरलं नाही, म्हणजे वर्ष लीप असलं, तर थेट अठ्ठावीस वर्षं थांबायचं. 2024चं कॅलेंडर 2052 साली चालेल. मागे जायचं असेल तर बाकी 3 असताना सहा वर्षं मागे, 1 किंवा 2 असताना अकरा. 2026साठी 2015चं कॅलेंडर चालतं ते असं.

हे सूत्र 1901 ते 2099 या काळातल्या उड्यांना बिनचूक लागू पडतं. 2100 ओलांडताना ते मोडतं, कारण त्या सालाला चारने भाग जात असला तरी ते लीप नाही. शतकी साल लीप व्हायला 400ने भाग जावा लागतो. 2000ला गेला, 2100ला जात नाही. म्हणून आपल्या 1947च्या माळेतलं 2098 हे साल पुढे अकराऐवजी बारा वर्षांनी, 2110 साली परत येईल. तोवर हा लेख कुणी जपून ठेवणार नाही, तेव्हा पुढे जाऊ.

आता मराठी घराचा खरा प्रश्न. आपण भिंतीवर कॅलेंडर लावतो ते तारखेपेक्षा चतुर्थी, एकादशी आणि अमावास्या बघायला. ती तारखांबरोबर परत येतात का? 2014 आणि 2025 शेजारी ठेवून बघा. गणेश चतुर्थी 2014 साली 29 ऑगस्टला होती, 2025 साली 27 ऑगस्टला. गुढीपाडवा 31 मार्चला होता, तो 30 मार्चला आला. एकाच साच्याची दोन वर्षं, तरी सण एक-दोन दिवसांनी हललेले. चंद्राला आपल्या आठवड्यांशी देणंघेणं नाही. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवसांहून किंचित जास्त काळ जातो आणि असे 136 चांद्रमास साधारण 4016 दिवसांचे होतात. 2014 ते 2025 या अकरा वर्षांचे दिवस मात्र 4018. गणपती दोन दिवस आधी आले ते या फरकामुळे.

अकरा वर्षांची उडी त्यातल्या त्यात बरी म्हणायची, थोडक्यात चुकते. सहा वर्षांची उडी पार दगा देते. 2025 ते 2031 होतात 2191 दिवस. 74 चांद्रमास त्याच्या सहा दिवस आधीच संपतात. पण 2031 साली भाद्रपद अधिक असल्याने गणपतीला आणखी एक महिना थांबावं लागतं, आणि चतुर्थी ऑगस्ट सोडून सप्टेंबरच्या उत्तरार्धात जाते. तारीख-वार तेच राहिले तरी गणपतीच्या रजेचा अर्ज वेगळ्या महिन्यात करावा लागेल. ख्रिस्ती सणांचीही तीच तऱ्हा. गुड फ्रायडे 2014 आणि 2025 दोन्ही सालांत 18 एप्रिलला आला, 2031 साली तो 11 एप्रिलला असेल. ईस्टरचं गणितही पौर्णिमेला बांधलेलं आहे.

लीप वर्षासाठी अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं कॅलेंडर सहसा कुणाच्या घरात सापडत नाही. त्यावर तोडगा म्हणजे दोन साध्या वर्षांची जोडी. 2028 साल शनिवारी सुरू होतं, तेव्हा जानेवारी आणि फेब्रुवारीला 2022चं कॅलेंडर लावायचं, 29 फेब्रुवारी हाताने लिहायची आणि मार्चपासून डिसेंबरपर्यंत 2023चं. ही दोन कॅलेंडरं अजून रद्दीत गेली नसतील तर ठेवून द्या. त्यांवरच्या तिथ्या आणि सणवार मात्र टांगण्याआधी पेनाने खोडा, नाहीतर घरात कुणीतरी भलत्याच दिवशी उपास धरेल.