कुराणातील मद्यनिषेध: क्रम पानांचा आणि क्रम काळाचा

कुराण आणि मद्य हा विषय निघाला की समाजमाध्यमांवर दोन तयार उत्तरे फिरू लागतात. पहिल्यात चार आयती क्रमांकानुसार एकाखाली एक मांडलेल्या असतात: २:२१९, ४:४३, ५:९० आणि १६:६७. मग विजयी सुरात प्रश्न येतो की, पाचव्या अध्यायात ज्याला सैतानाचे काम म्हटले तेच सोळाव्या अध्यायात निसर्गाच्या देणग्यांच्या यादीत कसे? दुसऱ्या उत्तरात त्याच आयतींची सुबक शिडी केलेली असते. प्रत्येक पायरीवर नेमके वर्ष लिहिलेले असते आणि खाली 'व्यसनमुक्तीची पूर्वनियोजित योजना' असा मथळा असतो. पहिला आक्षेप निव्वळ अज्ञानातून येतो. दुसरे उत्तर अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच त्याची तपासणी अधिक आवश्यक आहे.

(मराठीत 'सुरा' म्हणजेच मद्य. या विषयात घोटाळा नको, म्हणून कुराणाच्या अध्यायाला येथे 'सूरह' म्हटले आहे.)

कुराणाच्या लिखित प्रतीत सूरहांचा क्रम काळानुसार लावलेला नाही. सुरुवातीची लहान सूरह सोडली तर ढोबळमानाने मोठ्या सूरह आधी आणि लहान नंतर अशी ती मांडणी आहे. सोळावी सूरह 'नहल' ही मक्केतील, म्हणजे इ.स. ६२२ च्या हिजरतीपूर्वीची मानली जाते. बकरा (२), निसा (४) आणि माइदा (५) या तिन्ही मदिनेतील. कैरो येथे १९२४ साली छापलेल्या सुप्रसिद्ध प्रतीत परंपरागत अवतरणक्रमही दिला आहे. त्यात नहल ७० वी, बकरा ८७ वी, निसा ९२ वी आणि माइदा ११२ वी येते. म्हणजे पानांवर जी आयत सर्वांत शेवटी भेटते, ती काळात सर्वांत आधीची. पहिला आक्षेप येथेच संपतो.

परंतु केवळ हे आकडे दाखवून विषय मिटवणे हीदेखील पळवाटच आहे. मोठी सूरह एका दिवसात अवतरलेली नाही. माइदा सूरहची तिसरी आयत परंपरेनुसार हिजरी १० मधील अखेरच्या हज यात्रेतील आहे. त्याच सूरहची नव्वदावी आयत मात्र, पुढे दिसेल त्याप्रमाणे, तिच्या कित्येक वर्षे आधीची असली पाहिजे. तेव्हा सूरहचा क्रमांक पुरत नाही. प्रत्येक आयतीचा पुरावा स्वतंत्रपणे पाहावा लागतो, आणि पहिला पुरावा आयतींच्या मजकुरातच आहे.

१६:६७ मध्ये खजूर आणि द्राक्षे यांच्यापासून लोक 'सकर' आणि उत्तम अन्न मिळवतात, एवढाच उल्लेख आहे. 'सकर' म्हणजे मादक पेय, असे बहुतेक आरंभीचे भाष्यकार सांगतात. काहींनी त्याचा अर्थ सिरका असाही केला. कसाही अर्थ घेतला तरी येथे परवाना नाही आणि मनाईही नाही. मात्र 'उत्तम' हे विशेषण फक्त अन्नाला लावले आहे, सकरला नाही, ही गोष्ट जुन्या भाष्यकारांच्या नजरेतून सुटली नव्हती.

२:२१९ हे एका प्रश्नाचे उत्तर आहे. लोक मद्य आणि जुगार यांविषयी विचारतात; त्यांना सांगितले जाते की दोहोंत मोठे पाप आहे आणि काही लाभही आहेत, पण पाप लाभाहून मोठे आहे. येथे निर्णय आहे, आज्ञा नाही. परंपरा सांगते की हे ऐकून काहींनी पेला खाली ठेवला आणि काहींनी ठेवला नाही.

४:४३ मध्ये पहिली प्रत्यक्ष मनाई येते. नशेत असताना, आपण काय म्हणतो आहोत हे कळेपर्यंत, नमाजेजवळ जाऊ नये. हा निर्बंध मद्यावर नाही, वेळेवर आहे. परंतु दिवसातून पाच वेळा नमाज असलेल्या समाजात त्याचा परिणाम काय झाला असेल, याचा हिशेब करून पाहावा. दुपारपासून रात्रीपर्यंतच्या नमाजांमध्ये नशा चढून उतरायला पुरेसा अवधीच उरत नाही. मोकळ्या राहतात त्या दोनच वेळा: रात्रीच्या नमाजेनंतरची आणि पहाटेच्या नमाजेनंतरची. भाष्यकारांनी नेमक्या याच वेळा नोंदवल्या आहेत.

५:९० मध्ये मद्य, जुगार, बळीच्या शिळा आणि शकुनाचे बाण या चौघांना एकत्र 'घाण' ठरवून त्यांपासून दूर राहण्याची आज्ञा आहे. ५:९१ मध्ये कारणे येतात. मद्य आणि जुगार यांतून आपसांत वैर निर्माण होते, ईश्वरस्मरण व नमाज सुटते. शेवटी थेट विचारले जाते की, आता तरी थांबणार का? या आयतीत 'हराम' हा शब्द नाही, म्हणून हा केवळ सल्ला आहे, असा चतुर युक्तिवाद अधूनमधून वाचनात येतो. तो टिकत नाही. 'घाणीपासून दूर राहा' हेच क्रियापद आणि हेच नाम २२:३० मध्ये मूर्तिपूजेसाठी वापरले आहे, आणि मूर्तिपूजेबाबत कुराण केवळ सल्ला देते असे अद्याप कोणी म्हटलेले नाही.

आता या आयतींचा क्रम उलटा लावून पाहावा. मद्य पूर्णपणे वर्ज्य झालेल्या लोकांना 'नशेत नमाजेला येऊ नका' असे नंतर का सांगावे? एकदा 'घाण' म्हटलेल्या वस्तूचे लाभ मागाहून तराजूत का घालावे? एकही कथा हाताशी नसली, तरी २:२१९, ४:४३, ५:९० हाच क्रम सर्वांत स्वाभाविक ठरतो.

कथा आहेतच. अबू दाऊद आणि तिरमिझी यांच्या हदीससंग्रहांत उमर यांची प्रसिद्ध नोंद आहे. मद्याबाबत स्पष्ट निर्णय मिळावा अशी त्यांनी प्रार्थना केली, तेव्हा बकरामधील आयत आली. त्यांनी पुन्हा तीच प्रार्थना केली, तेव्हा निसामधील आयत आली, आणि नशेत कोणी नमाजेला येऊ नये अशी घोषणा नमाजेच्या वेळी होऊ लागली. तिसऱ्यांदा माइदामधील आयत आली, आणि तिच्या शेवटच्या प्रश्नाला उमर यांनी 'थांबलो' असे उत्तर दिले. येथे लक्षात घ्यायचे ते एवढेच की, या नोंदीत टप्पे तीन आहेत. चौथा, म्हणजे नहलचा, तिच्यात नाही. मक्केतील त्या आयतीला शिडीची पहिली पायरी करणे हे भाष्यकारांचे काम आहे. ते अवाजवी नाही. परंतु 'चार टप्पे' ही मूळ नोंद असल्याचे भासवणे चूक आहे.

वर्षांचे तर विचारूच नये. ४:४३ मागे एका मेजवानीची कथा सांगितली जाते. अब्दुर्रहमान बिन औफ यांच्याकडे जेवण आणि मद्य झाले, नमाजेची वेळ झाली आणि पुढे उभे राहिलेल्याने १०९ व्या सूरहचे शब्द असे उलटसुलट केले की अर्थच फिरला. पुढे कोण उभे होते, अली की अन्य कोणी, यावरही नोंदींचे एकमत नाही. अशा कथेवर वर्षाचा शिक्का कोणत्या आधारे मारायचा?

कालनिश्चितीला खरा आधार देणाऱ्या घटना वेगळ्या आहेत, आणि शिडीच्या चित्रांत त्या क्वचितच दिसतात. बद्रच्या लढाईनंतर (इ.स. ६२४) अलींनी आपल्या विवाहभोजनाचा खर्च भागवण्यासाठी दोन उंटिणींवरून सुगंधी गवत आणून विकण्याचे ठरवले होते. शेजारच्या घरात हमजा मद्य पीत बसले होते. नशेत ते उठले आणि त्यांनी त्या उंटिणींची वशिंडे कापली, पोटे फाडली. पैगंबर जाब विचारायला गेले. तेव्हा हमजांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि 'तुम्ही माझ्या बापाचे गुलामच ना' अशा अर्थाचे बोलले. पैगंबर नशा ओळखून मागे फिरले. मद्यपानासाठी शिक्षा झाली नाही, कारण तेव्हा मनाईच नव्हती. हमजा पुढल्या वर्षी उहुदच्या लढाईत (मार्च ६२५) मारले गेले, म्हणून ही घटना त्या दोन लढायांच्या मध्येच बसते. आणि जाबिर यांची नोंद सांगते की उहुदच्याच सकाळी काहींनी मद्य घेतले होते आणि त्याच दिवशी ते हुतात्मा झाले. दोन्ही नोंदी बुखारींच्या संग्रहात आहेत. म्हणजे अंतिम मनाई उहुदनंतरची.

किती नंतरची? इब्न हिशामच्या चरित्रग्रंथात ती बनू नझीरच्या वेढ्याच्या काळात, हिजरी ४ मध्ये येते. काही जण हुदैबियाचे वर्ष, हिजरी ६, सांगतात. इब्न हजर यांच्यासारखा मातब्बर हदीसपंडित हिजरी ८ कडे झुकतो. चार वर्षांचा हा मतभेद मोठ्या विद्वानांना मिटवता आला नाही. रंगीत चित्र करणारे तो एका ओळीत मिटवतात.

'पूर्वनियोजित योजना' या शब्दांविषयीही बोलले पाहिजे. मनाई हळूहळू आली, आणि आरंभीच आली असती तर लोकांनी ती झुगारली असती, हे मत आधुनिक समुपदेशकांचे नव्हे. ते आयेशा यांच्या नावे बुखारींनी नोंदवले आहे. त्यामागे श्रद्धावंताने ईश्वरी हेतू पाहावा, त्याला हरकत नाही. परंतु नोंदींत दिसते ते प्रश्न विचारणारे, चुकणारे, भांडणारे शहर. माइदामधील आयतीमागे साद बिन अबी वक्कास यांच्या नाकावर मद्याच्या बैठकीत उंटाचे जबड्याचे हाड बसल्याची कथा मुस्लिम यांच्या संग्रहात आहे. वैराचे कारण पुढे करणाऱ्या ५:९१ शी ती नेमकी जुळते. सुबक शिडी काढताना ही माणसेच गाळली जातात, आणि मग आयत कोणत्या प्रश्नाचे उत्तर होती हेही कळेनासे होते.

ते न कळल्याचा परिणाम काय होतो, हे पहिल्याच पिढीत दिसले. मनाईची घोषणा झाली तेव्हा किशोरवयीन अनस, अबू तल्हा यांच्या घरी पाहुण्यांना कच्च्या खजुराचे पेय वाढत होते. (मदिनेत द्राक्षाचे मद्य दुर्मीळ होते. 'खम्र' म्हणजे फक्त द्राक्षाचे मद्य की प्रत्येक मादक पेय, या हनफी आणि इतर पंथांमधील जुन्या वादात ही बाब मोलाची ठरते.) अबू तल्हांनी ते ओतून टाकायला सांगितले आणि मदिनेच्या गल्ल्यांतून मद्य वाहिले. तेव्हाच लोकांना प्रश्न पडला की, पोटात मद्य असताना जे मारले गेले त्यांचे काय? ५:९३ हे त्याचे उत्तर मानले जाते. श्रद्धा ठेवून सदाचाराने वागणाऱ्यांनी पूर्वी जे खाल्ले-प्यायले, त्याचा दोष त्यांना नाही.

उमर यांच्या खिलाफतीत बहरैनचे अधिकारी कुदामा बिन मझऊन यांच्यावर मद्यपानाचा आरोप आला. कुदामा बद्रचे योद्धे होते, शिवाय उमर यांचे मेहुणे. त्यांनी बचावात हीच आयत पुढे केली. आपण श्रद्धावंत आणि सदाचारी आहोत, तेव्हा आपल्याला दोष कसा? ९० व्या आयतीनंतर केवळ तीन आयतींच्या अंतरावर ९३ वी आहे, आणि पानावरून नुसती वाचली तर तिचा असा अर्थ खरोखर निघू शकतो. उमर यांनी तो फेटाळला. खरोखर ईश्वराचे भय असते तर त्याने वर्ज्य केलेले टाळले असते, असे त्यांनी सुनावले. आयत गेलेल्यांसाठी होती, मनाई ऐकलेल्यांसाठी नव्हे. कुदामा आजारी होते, तरी त्यांना फटक्यांची शिक्षा झाली, आणि मेहुण्या-मेहुण्यांमधला अबोला पुढे एका हज यात्रेनंतर संपला.