आधी मेसेज कोणाचा?
एखाद्या मुलीशी ओळख वाढवू पाहणाऱ्या मुलाने निळ्या टिकांकडे डोळे लावून बसण्यात अर्थ नाही. त्या सेटिंगमध्ये बंदही करता येतात. त्यापेक्षा चॅट वर सरकवावं आणि गेल्या सहा-सात गप्पांची सुरुवात कोणी केली ते पाहावं. उत्तर देणं वेगळं, आपणहून विचारणं वेगळं. सगळ्या सुरुवाती आपल्याच असतील, तर पुढची तिच्यावर सोडावी. तीन-चारांतली एखादी तिची असेल, तर ती लाजरी किंवा कामात असू शकते. मग दोन-तीन दिवसांनी आपण लिहायला हरकत नाही. मात्र लिहावं ते नेमकं: ‘शनिवारी संध्याकाळी नाटकाला येतेस?’ त्यावर ‘शनिवारी नाही जमणार, रविवारी चालेल?’ असं आलं, तर तिलाही भेटायचंय. नुसतंच ‘बघू, कळवते’ आलं, तर तिकिटं काढण्याआधी शुक्रवारी एकदा विचारावं, तेवढं पुरे. तरीही शांतताच असेल, तर ‘बिझी आहेस का?’, पाठोपाठ ‘रागावलीस का?’, मग एक स्मायली, असा मारा करू नये. त्यात नवं काहीच नसतं. फक्त उत्तराची उधारी तिच्या डोक्यावर चढत जाते. तिला बोलायचं असेल, तर नंबर तिच्याकडे आहेच.