साहेब कोण, ते शोधू नका, पदाला लिहा

वस्तीतला मुलगा शिष्यवृत्तीसाठी माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला बसतो आणि पहिल्याच ओळीवर अडतो. खुर्चीवर पुरुष आहे की बाई? नाव काय? मग कुणीतरी सांगते, "मेहेरबान साहेब लिही, चालते." चालते कसे? खुर्चीवर बाई असेल, तर 'साहेब' ही चूक. आणि पुरुष असला, तरी 'मेहेरबान' कशासाठी? माहिती हा हक्क आहे, मेहेरबानी नाही.

माहिती अधिकार अधिनियम २००५ मध्ये नाव शोधण्याची गरजच नाही. कलम ५ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाला माहिती अधिकारी नेमावा लागतो. म्हणून एवढे पुरे:

प्रति,
जन माहिती अधिकारी,
सहायक आयुक्त, समाज कल्याण यांचे कार्यालय,
(जिल्हा)

खाली थेट 'विषय'. 'महोदय' लिहिले नाही म्हणून अर्ज फेटाळता येत नाही. माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल, तर कलम ६(३) नुसार पाच दिवसांत अर्ज तिकडे पाठवणे हे त्यांचे काम आहे. उलट, व्यक्तीच्या नावाने पाठवलेले पाकीट तिची बदली झाल्यावर पडून राहू शकते. पद मात्र जागेवरच असते.

आता मजकूर. "आपण माझ्यावर कृपा कराल" कशाला? "माझ्या शिष्यवृत्ती अर्जावर आजवर झालेल्या कार्यवाहीच्या नोंदींच्या प्रती द्याव्यात," असे लिहा. 'द्याव्यात', 'कळवावे' ही रूपे बाई-पुरुष दोघांनाही सारखीच लागू पडतात आणि कोरडीही वाटत नाहीत. घोळ होतो तो तिसऱ्या पुरुषात. "अधिकारी हजर नव्हते" की "नव्हत्या"? तिथे "अधिकाऱ्यांनी भेट दिली नाही" लिहा, प्रश्नच मिटतो. आणि माहिती कशाला हवी, याचे कारण देऊ नका. कलम ६(२) नुसार ते विचारताच येत नाही.

नाव कळले पण बाई की पुरुष हे कळले नाही, असेही होते. किरण, शशी ही नावे दोघांचीही असतात. तिथे श्री., श्रीमती, कु., सौ. सगळे सोडा. पूर्ण नाव आणि पुढे 'यांस' लिहा: "किरण अमुक यांस, सप्रेम नमस्कार." मराठीतला हा जुना 'यांस' मान देतो, पण लिंग विचारत नाही आणि लग्न झाले का, हेही विचारत नाही. आडनावावरून माणूस 'ओळखण्याची' खोड असलेल्या समाजात एवढी सावधगिरी हवीच.

काही म्हणतील, नम्रपणा सोडला तर काम अडेल. 'कृपया' जरूर लिहा. पण काम होण्याचा आधार कलम ७(१) मधली तीस दिवसांची मुदत आहे. ती उलटली, तर कलम १९(१) नुसार पहिले अपील करा. तेही पदालाच लिहायचे: प्रथम अपीलीय अधिकारी.

ज्यांच्या बापजाद्यांना वाकून जोहार करावा लागला, त्यांच्या अर्जात पाठ ताठ असली पाहिजे.