आधी माणूस, मग घर

मराठीत 'स्थळ' म्हणजे जागा आणि स्थळ म्हणजे लग्नासाठी सुचवलेला मुलगा किंवा मुलगी. आपल्याकडे माणूस पाहायचा म्हणजे त्याचे घर पाहायचे, अशीच रीत होती. पण पोह्यांची बशी पुढे येण्याआधी मामाने, शेजाऱ्याने किंवा कचेरीतल्या सहकाऱ्याने दोन्हीकडची चौकशी केलेली असे. घरची पहिली भेट ही ओळखीची सुरुवात नसे, ती चौकशीची अखेर असे.

आज थेरगावात राहणाऱ्या कितीतरी मुलामुलींच्या बाबतीत हा मधला दुवाच उरलेला नाही. समजा, मुलगा लातूरकडचा. कंपनीच्या बसने चाकणला जातो आणि दोघा मित्रांबरोबर भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. मुलगी साताऱ्याकडची, हिंजवडीत नोकरी, वाकडला मुलींच्या वसतिगृहात मुक्काम. विवाहविषयक संकेतस्थळावर ओळख झाली. दोन रविवार डांगे चौकाजवळच्या हॉटेलात चहा झाला. तिसऱ्या वेळी तो म्हणतो, "आमच्या खोलीवरच या ना, पोहे मीच करतो." त्याचा हेतू अगदी सरळ असेलही. तरी तिने जावे का?

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. दुसऱ्याच्या घरी गेलो की निघण्याची वेळ आणि दाराची कडी आपल्या हातात राहत नाही. दुसऱ्याला आपल्या घरी बोलावले की आपला पत्ता त्याच्या हाती जातो आणि तो परत घेता येत नाही. जाण्याचा धोका त्या दुपारपुरता असतो; बोलावण्याचा धोका नकार दिल्यानंतरही मागे राहतो. एकट्या राहणाऱ्या मुलीने म्हणूनच बोलावण्याबाबत अधिक सावध असावे. चहानंतर कोणी "दारापर्यंत सोडतो" म्हणाला, तर चौकातच निरोप घ्यावा.

बँकेत कर्ज देण्याआधी अर्जदाराची जागा पाहायला आम्ही जात असू, पण ते कागद तपासल्यावर. निघताना कुठे जातो हे शाखेतल्या नोंदवहीत लिहून जावे लागे. क्रम हाच असावा. मुलगा जिथे नोकरी सांगतो, तिथला एखादा माणूस शोधून तो तिथे खरेच आहे का, हे विचारावे. गावाकडे कोणी नातलग असेल तर त्याच्याकडून घरची माहिती काढावी. महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा राहत्या पत्त्याला कागद असायला हवा. मात्र जागा कोणी भाड्याने घेतली एवढेच तो सांगतो, त्या दुपारी आत कोण आहे ते नाही.

खोलीवर बोलावण्यात आणखी एक अडचण असते. तिघांच्या पाळ्या वेगवेगळ्या असतील, तर रात्रपाळी करून आलेला मित्र आत झोपलेला असणार. मग एक तर त्याची झोप मोडायची, नाही तर त्याला बाहेर घालवून दोघांनीच बसायचे. "मित्र घरी असतील" असे सांगून आयत्या वेळी कोणीच नसणे, हॉटेल ठरलेले असताना वाटेत जागा बदलणे, दिवसाऐवजी रात्रीचा आग्रह धरणे, कंपनीचे नाव विचारल्यावर विषय टाळणे, यांतले काही घडले तर घरी परतावे. कारण सांगण्याचे बंधन नाही. भीती वाटली तर ११२ हा क्रमांक फिरवावा.

दुसरी बाजू अब्रूची नाही, भिडेची आहे. घरी गेले, आईने ओटी भरली, वडील "आता आपलीच समजा" म्हणाले, की नकार तोंडातून निघत नाही. हॉटेलातल्या चहाचे पैसे अर्धे अर्धे दिले की दोघेही मोकळे असतात. म्हणून नकार देणे अजून सोपे आहे तोवर घराचा विषय काढू नये. दोन-तीन भेटींत पगार, घरावरचे कर्ज, लग्नानंतर कुठे राहायचे हे बोलून होते. एवढे जमत असेल, तरच पुढचे पाऊल टाकावे.

त्या मुलीचे उत्तर मग असे असावे: "पोहे खाईन, पण तुमचे आईवडील लातूरहून येतील तेव्हा. मी माझ्या काकूला घेऊन येते." वेळ सकाळी अकराची ठरावी. पत्ता आणि परतण्याची वेळ मैत्रिणीला लिहून द्यावी. येणेजाणे आपल्या वाहनाने व्हावे. तिच्याकडचे बोलावणे त्यानंतर, आणि तेही साताऱ्याच्या घरी, वसतिगृहात नव्हे. मुलानेही हीच काळजी घ्यावी. अनोळखी घरात एकट्याने जाऊन फसण्याची पाळी त्याच्यावरही येऊ शकते.

हे ऐकून जो मुलगा "माझ्यावर विश्वास नाही का?" असे विचारील, त्याच्याकडे थोडे थांबून पाहावे. जो म्हणेल, "बरोबर आहे, आईला विचारून रविवार कळवतो," त्याच्या घरचे पोहे बहुधा चांगले असतील.